स्वप्न सांगितलं म्हणून छत कोसळत नाही

मंचेरियलमधल्या एका लग्नघरी पंगत उठल्यावर गप्पा रंगल्या होत्या. चंद्रपूर-राजुऱ्याकडून येऊन इथे दोन-तीन पिढ्या स्थायिक झालेली मराठी माणसं, त्यातले निम्मे कोळशाच्या खदानीत नोकरी केलेले. कुणाच्या तरी सुनेनं सकाळी उठल्याउठल्या आपलं वाईट स्वप्न सांगायला सुरुवात केली, तेव्हा सासूबाईंनी तिला तिथेच थांबवलं होतं: सूर्य उगवायच्या आत वाईट स्वप्न सांगू नये, सांगितलं की खरं होतं. त्यावरून विषय निघाला. एक निवृत्त गुरुजी पुढे सरसावून म्हणाले, हसू नका, हे शास्त्र आहे. रात्री मन हळवं असतं, भीती मोठी दिसते, उजाडलं की तीच गोष्ट किरकोळ वाटते. शिवाय न बोलता राहिलं की स्वप्न विसरून जातं. जे आजचे मानसशास्त्रज्ञ सांगतात ते आपल्या आजीला ठाऊक होतं.

गुरुजींचा युक्तिवाद मला तिथे खोडता आला असता, पण लग्नघर होतं. हाच युक्तिवाद आता जागोजागी ऐकू येतो, म्हणून त्याचा इथे समाचार घेतो. त्यात जे खरं आहे ते आधी मान्य करून टाकतो, कारण ते अगदीच थोडं नाही.

झोप एकसारखी नसते. साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी एक टप्पा येतो, ज्यात बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलतात आणि ठसठशीत, गोष्टीसारखी स्वप्नं पडतात. रात्रीच्या सुरुवातीला हा टप्पा काही मिनिटांचाच असतो, पहाटेकडे तो लांबत जाऊन अर्ध्या तासाच्याही पुढे जातो. म्हणून भयंकर स्वप्नं बहुधा रात्रीच्या शेवटच्या तिसऱ्या भागात येतात. अकराला झोपलेला माणूस दचकून उठतो तो साडेतीन ते साडेपाचच्या दरम्यान. या वेळी जाग आली की मेंदू पुरता जागा झालेला नसतो. छाती धडधडत असते, आजूबाजूला अंधार आणि सामसूम असते. विवेकानं तोलून पाहायची शक्ती दिवसापेक्षा या वेळी उणी असते. 2022 साली अमेरिकेतल्या काही निद्रा-संशोधकांनी मध्यरात्रीनंतर जागं असलेल्या मनाचे निर्णय जास्त बिघडतात, त्याला वाईट बाजूच जास्त दिसते, असा सिद्धांत मांडला. तेव्हा ‘या वेळी कशाचाही अर्थ लावत बसू नये’ हे म्हणणं रास्त आहे.

विसरण्याबद्दलही गुरुजी अर्धे बरोबर आहेत. स्वप्नाची आठवण फार कच्ची असते. उठून पाणी प्यायलं, दुसऱ्या कुशीवर वळून डोळा लागला, की सकाळी त्यातलं फारसं उरत नाही. उलट तेच स्वप्न लगेच कुणाला सांगितलं तर सांगताना आपण विसंगत तुकडे जुळवतो, मधल्या जागा भरतो, आणि जे धूसर होतं त्याची रीतसर गोष्ट बनते. गोष्ट लक्षात राहते. वर्षातून दोन-चार वेळा वाईट स्वप्न पडणाऱ्या, बाकी सुखानं झोपणाऱ्या माणसाला ‘आत्ता नको, झोप, सकाळी बघू’ हा सल्ला मानवतो. इथवर माझं काहीच भांडण नाही.

पण सासूबाईंनी हा सल्ला दिला नव्हता. त्यांच्या वाक्यात दोन भाग होते. ‘आत्ता सांगू नको’ हा पहिला आणि ‘सांगितलं की खरं होतं’ हा दुसरा. गुरुजींनी पहिल्या भागाचं शास्त्र सांगितलं आणि दुसरा भाग गुपचूप पोटात घातला. परंपरेचं समर्थन करणारे सगळे हेच करतात. वाक्यातला निरुपद्रवी अर्धा भाग पुढे करायचा, त्याला आधुनिक कोट चढवायचा, आणि काम करणारा अर्धा भाग झाकून ठेवायचा. घरात परिणाम होतो तो धमकीचा. ती धमकी मनाचं काय करते, हे एका प्रसंगात पाहू.

समजा, मंचेरियलजवळच्या श्रीरामपूरच्या कॉलनीतली एक बाई. नवरा खदानीत, पहिल्या पाळीला. डिसेंबरचा शेवटचा आठवडा. पहाटे सव्वाचारला ती दचकून उठते: भूगर्भात छत कोसळलंय, माणसं धावतायत, नवरा दिसत नाही. पाळी सुरू होते सातच्या सुमाराला, म्हणजे नवरा पाचला उठणार आणि अंधारातच घराबाहेर पडणार. डिसेंबर अखेरीला मंचेरियलमध्ये सूर्य उगवतो पावणेसातच्या आसपास. आता हिशेब करा. नियमाप्रमाणे तिला अडीच तास तोंड बंद ठेवायचं आहे, आणि सूर्य उगवेपर्यंत ज्याच्याबद्दल स्वप्न पडलं तो निघून गेलेला असणार. म्हणजे तिला सांगायची मुभा मिळते तेव्हा सांगण्यासाठी माणूसच समोर नसतो. ती परत झोपत नाही. चुलीपाशी जाते, डबा भरते, आणि सगळा वेळ एकच पहारा देते: बोलता बोलता तोंडून निसटू नये. निसटलं तर आपल्या जिभेनं नवऱ्याचा जीव घेतला असं होईल.

हा पहाराच घातक आहे. डॅनियल वेग्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1987 साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आला तर घंटा वाजवा. घंटा वाजत राहिली. नंतर अस्वलाचा विचार करायची मोकळीक दिल्यावर या मंडळींच्या डोक्यात ते सुरुवातीपासून मोकळीक असलेल्यांपेक्षा जास्त आलं. कारण उघड आहे. एखादा विचार येऊ द्यायचा नाही म्हटलं की मनाचा एक कोपरा ‘आला का, आला का’ हे तपासत राहतो, आणि तपासण्यासाठी तोच विचार हाताशी ठेवावा लागतो. पुढे 2004 साली वेग्नर आणि सहकाऱ्यांनी हेच झोपेबाबत दाखवलं. झोपण्यापूर्वी ज्या व्यक्तीचा विचार दाबायला सांगितलं, ती व्यक्ती स्वप्नात जास्त आली. ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ हे आपण म्हणतोच, पण जे मनातून बळेच हाकललं ते स्वप्नी अधिक दिसतं, ही त्याच्या पुढची पायरी. आपल्या श्रीरामपूरच्या बाईला तेच स्वप्न पुढच्या आठवड्यात पुन्हा पडलं, तर सासूबाई म्हणतील, ‘बघ, देव इशारा देतोय.’ इशारा देवाचा नसेल. मागच्या खेपेला तोंड दाबून धरल्याचा तो परिणाम असू शकतो.

गुरुजी म्हणतील, विसरायला काय झालं? विसरणं हे लक्ष नसताना होतं. ज्या गोष्टीवर जिवाची पैज लावली आहे ती कुणी विसरत नाही. म्हणजे नियमाचा पहिला भाग जे विसरणं देऊ करतो, तेच दुसरा भाग हिरावून घेतो.

इथे आमच्या गावाची एक गोष्ट उपयोगी पडते. मंचेरियलमध्ये एका भिंतीपलीकडे तेलुगू बोललं जातं, दुसऱ्या भिंतीपलीकडे उर्दू. मुसलमान शेजाऱ्यांकडेही वाईट स्वप्न सांगू नये असंच मानतात, आणि त्याला हदीसचा आधार आहे. पण त्यांच्याकडची पद्धत नीट ऐका. वाईट स्वप्न सैतानाकडून येतं. जाग आली की अल्लाहचा आसरा मागावा, डाव्या बाजूला तीनदा थुंकल्यासारखं करावं, कूस बदलावी, कुणाला सांगू नये, आणि मग ते स्वप्न माणसाला काहीही इजा करणार नाही. शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. गप्प राहायला दोन्ही घरी सांगतात. एका घरी गप्प राहण्यापूर्वी एक छोटं काम करून प्रकरण मिटवलं जातं आणि अभय दिलं जातं. आमच्या घरी काही करायला दिलं जात नाही आणि वर टांगती तलवार राहते. श्रद्धा असो नसो, पहिल्या घरातला माणूस कूस बदलून झोपेल आणि दुसऱ्या घरातली बाई छताकडे बघत राहील, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. यहुद्यांच्या तालमूदमध्ये आणखी तिसरीच तऱ्हा आहे: स्वप्नानं मन खिन्न झालेल्या माणसानं तीन जणांना जमवावं, त्यांच्यासमोर स्वप्न चांगलं आहे असं म्हणावं आणि त्या तिघांनी ‘चांगलं आहे, चांगलंच होवो’ असं म्हणावं. तिथे गुपित ठेवण्याऐवजी माणसं गोळा केली जातात.

‘पण आपल्या शास्त्रात सांगितलंय ना!’ असं आता कुणी म्हणेल. कुठल्या शास्त्रात? सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अशुभ स्वप्न कुणालाही सांगू नये असं आहे खरं. पण तिथे ते कुणालाच सांगायचं नाही. सूर्य उगवला की मोकळं व्हा, अशी सवलत नाही. आणि सुश्रुत नुसतं गप्प बसवत नाही. पहिल्या प्रहरात असं स्वप्न पडलं तर काही शुभ मनात आणून पुन्हा झोपावं, सकाळी उठून उडीद, तीळ, लोखंड, सोनं यांचं दान करावं, तीन रात्री देवळात राहावं, असं सांगतो. आता दुसरीकडे या. मत्स्यपुराणात दुःस्वप्नाचे उपाय दिले आहेत, आणि त्यांत सगळ्यात आधी काय येतं? ते स्वप्न सांगणं. त्यानंतर पुन्हा झोपणं. मग स्नान, तिळाचा होम, वासुदेवाची स्तुती, गजेंद्रमोक्षाचं श्रवण. म्हणजे ज्या परंपरेच्या नावानं सुनेचं तोंड बंद केलं, त्याच परंपरेतलं एक पुराण तिला म्हणतं, सांग आणि झोप. परंपरेत या बाबतीत एकमत कधीच नव्हतं. आपण तिच्यातला सर्वांत भित्रा धागा उचलला आणि त्यालाच ‘आपली परंपरा’ म्हणू लागलो.

त्याच पुराणात कोणत्या प्रहरातल्या स्वप्नाचं फळ किती दिवसांनी मिळतं याचंही कोष्टक आहे: पहिल्या प्रहरातलं वर्षभरानं, दुसऱ्यातलं सहा महिन्यांनी, आणि अरुणोदयाच्या वेळचं दहा दिवसांत. ‘पहाटेचं स्वप्न खरं होतं’ हा समज तिथून घरोघर आला असावा. आता हे दोन समज एकमेकांशेजारी ठेवा. सर्वांत जास्त भीती पहाटेच्या स्वप्नाची, आणि तोंड बंद ठेवायचं तेही पहाटेच्याच स्वप्नाबद्दल. जास्तीत जास्त वाईट स्वप्नं पहाटे पडतात आणि तीच लक्षात राहतात, कारण त्यानंतर आपण उठतो. झोपेच्या रचनेमुळे जे घडतं त्यालाच भविष्याचं वजन चढतं.

हे वजन आपण एरवीही भरपूर देतो. केरी मोरवेज आणि मायकल नॉर्टन यांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिका, दक्षिण कोरिया आणि भारत इथल्या विद्यार्थ्यांना स्वप्नांबद्दल विचारलं होतं. तिन्ही देशांत बहुतेकांना स्वप्नात दडलेलं सत्य असतं असं वाटत होतं. त्याच अभ्यासात बोस्टनच्या प्रवाशांना विचारलं की प्रवासाच्या आदल्या रात्री विमान कोसळल्याचं स्वप्न पडलं तर काय कराल. जागेपणी तसा नुसता विचार आला, किंवा सरकारनं धोक्याचा इशारा दिला, यापेक्षा स्वप्नानं प्रवास जास्त टाळावासा वाटेल, असं उत्तर आलं. अमेरिकेतल्या शिकलेल्या माणसाची ही गत, तर खदानीतल्या माणसाच्या बायकोला कोण हसणार?

आता प्रतिपक्षाचा खरा मुद्दा घेतो, जो गुरुजींना सुचला नाही पण सासूबाईंना आतून कळत असावा. नवरा पाचला उठला आणि बायको म्हणाली, ‘अहो, आज जाऊ नका, वाईट स्वप्न पडलं.’ तो काय करील? राहिला घरी तर नागा लागतो. गेला तर मनात किडा घेऊन जातो. भूगर्भात त्याला छत ठोकून आवाज ऐकायचा असतो. आवाज पोकळ आला की तिथे आधार द्यायचा असतो. तिथे लक्ष दुसरीकडे असलेला माणूस धोक्याचा. त्या बाईनं त्या घटकेला, त्या माणसाला, त्या शब्दांत सांगू नये, हे मला पटतं. पण यावरून निघतो तो नियम ‘कामावर निघालेल्याच्या हातात आपली भीती देऊ नये’ एवढाच. तो माणसाबद्दल आहे, सूर्याबद्दल नाही. तिनं सव्वाचारलाच सासूबाईंना उठवून सांगितलं असतं, शेजारच्या काकूंना साडेपाचला नळावर सांगितलं असतं, तर कुणाचं काय बिघडलं असतं? आणि तोच नवरा दुसऱ्या पाळीला असता, दुपारी निघणार असता, तर सूर्य उगवल्यावर निघताना सांगणंही तितकंच चूक झालं असतं. सूर्योदयाचा नियम इथे कुणालाच वाचवत नाही.

‘पण आमच्या ओळखीतल्या एकीला खरोखर स्वप्न पडलं होतं, आणि...’ ही गोष्ट कोळशाच्या पट्ट्यात प्रत्येक घरात मिळते. जून 2003 मध्ये गोदावरीपलीकडे गोदावरीखनीच्या खाणीत पाणी घुसून 17 कामगार गेले. नोव्हेंबर 2021 मध्ये श्रीरामपूरच्या खाणीत छत कोसळून चौघे गेले. अशा प्रत्येक घटनेनंतर कुणाला ना कुणाला ‘आधीच दिसलं होतं’. मी त्यांना खोटारडं म्हणत नाही. हिशेब करा: इथल्या सिंगरेणी कोळसा कंपनीचे कामगार चाळीस हजार धरा. प्रत्येकाच्या घरात वर्षातून एकदाच, एकालाच, खाणीतल्या अपघाताचं स्वप्न पडतं असं धरा; धोक्याच्या धंद्यात हे कमीच झालं. चाळीस हजार भागिले 365, म्हणजे रोज रात्री सुमारे 110 घरांत ते स्वप्न पडतं. अपघात कुठल्याही दिवशी होवो, आदल्या रात्री शंभरावर माणसांना तो ‘दिसलेला’ असणार. ज्या रात्रींनंतर काहीच झालं नाही, त्यांचा हिशेब कोण ठेवतो?

तो हिशेब ठेवू न देण्याचं काम हाच नियम करतो. स्वप्न आधी सांगितलं तर साक्षीदार तयार होतो, आणि आठवड्याभरानं तो विचारू शकतो, ‘काय झालं तुझ्या स्वप्नाचं? नवरा तर ठणठणीत आहे.’ अशी दहा स्वप्नं सांगून दहाही फुकट गेली की भीती आपोआप उतरते. न सांगितलेलं स्वप्न मात्र कधीच खोटं ठरत नाही. काही घडलं नाही तर ‘सांगितलं नाही म्हणून टळलं’ आणि घडलं तर ‘मला दिसलं होतं, पण सांगता येत नव्हतं’. दोन्ही वाटांनी नियमच जिंकतो. आणि या दुसऱ्या वाक्यात एक दुखरी गोष्ट आहे. अपघातात माणूस गमावलेली बाई पुढे वर्षानुवर्षं स्वतःला विचारते: मी सांगायला हवं होतं का? की चुकून सांगितलं म्हणून झालं? ज्या अपघाताचं कारण खडकात आणि आधाराच्या व्यवस्थेत शोधायचं, त्याचं ओझं तिच्या जिभेवर येऊन बसतं. या नियमावर माझा राग आहे तो मुख्यतः इथे.

ज्यांना तेच स्वप्न पुन्हा पुन्हा पडतं, आठवड्यातून एकदा किंवा त्याहून जास्त, ज्यांना झोपायचीच भीती वाटू लागते, त्यांना ‘सांगू नको’ हे तर सरळ उपायापासून दूर नेणं आहे. कारण अशा स्वप्नांवरचा चांगला तपासलेला मानसोपचार स्वप्न बाहेर काढण्यापासूनच सुरू होतो. दिवसा, जागेपणी, ते कागदावर उतरवायचं. मग आपल्याला हवं तिथे ते बदलायचं: छत हलतं, पण टेकू धरतो, माणसं बाहेर येतात, नवरा दारात चहा मागतो. मग हे नवं रूप रोज दहा-वीस मिनिटं डोळ्यांपुढे आणायचं. जुनं उगाळायचं नाही. बॅरी क्राको आणि सहकाऱ्यांनी 2001 साली लैंगिक अत्याचार सोसलेल्या 168 स्त्रियांवर ही पद्धत अजमावली. तीन बैठकांच्या या उपचारानंतर त्यांची वाईट स्वप्नं, झोप आणि आघाताची लक्षणं उपचार न मिळालेल्या गटापेक्षा स्पष्टपणे सुधारली. गुरुजी, यातही काम दिवसाच करतात, हे तुम्ही लगेच हेराल. हेरा. पण इथे दिवसाची वाट पाहायची ती सांगण्यासाठी, आणि रात्री कुणी धमकी दिलेली नसते.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. लहान मूल झोपल्यापासून तास-दीड तासात किंचाळत उठतं, ओळखत नाही, सकाळी त्याला काहीच आठवत नाही, ते स्वप्नच नसतं. तिथे सांगण्या-न सांगण्याचा प्रश्न येत नाही, मूल बहुधा वाढीबरोबर त्यातून बाहेर पडतं. पन्नाशीपुढचा माणूस झोपेत स्वप्नाप्रमाणे हातपाय झाडू लागला, शेजारी झोपलेल्याला गुद्दे बसू लागले, तर मेंदूविकारतज्ज्ञाकडे जावं. काही रक्तदाबाच्या गोळ्यांनी आणि दारू एकदम सोडल्यानंही भयाण स्वप्नं येतात. आणि वारंवार वाईट स्वप्नं पडणाऱ्या माणसांत आत्महत्येचे विचार जास्त आढळतात, म्हणून घरातलं कुणी रोज दचकून उठत असेल तर त्याला गप्प करण्यापेक्षा ऐकून घेणं निकडीचं असतं. या सगळ्या गोष्टी डॉक्टरला कळायच्या तर आधी घरात कुणाला तरी कळल्या पाहिजेत.

राहता राहिला नाइट पाळीचा कामगार. तो रात्री अकराला आत जातो, सकाळी सातला बाहेर येतो, आंघोळ करून नऊला झोपतो, आणि त्याचं वाईट स्वप्न त्याला दुपारी एक-दोनला गाठतं. खिडकीवर चादर टांगलेली, बाहेर ऊन रणरणतंय, सूर्य केव्हाच उगवलेला. नियमाप्रमाणे त्यानं लगेच सांगायला हरकत नाही की उद्याच्या सूर्योदयापर्यंत थांबायचं? उद्याचा सूर्य उगवेल तेव्हा तो अजून खाली असेल. मी हा प्रश्न लग्नघरच्या त्या मंडळींपैकी एका निवृत्त कामगाराला नंतर विचारला. तीस-पस्तीस वर्षं पाळ्या केलेला माणूस. तो म्हणाला, ‘आमच्यातल्या ज्या कुणी हा नियम केला, त्यानं नाइट केली नव्हती.’